सुंठीवाचून खोकला गेला!

परवा एका ग्रुपवर मीम आलं. वर लिहिलेलं, ‘सॉरी यार, आज नाही जमणार, प्लॅन कॅन्सल!’ त्याच्या खाली उत्तर, ‘अरेरे, किती वाईट वाटलं!’ आणि त्याच्याही खाली हे उत्तर टाइप करणाऱ्याचा खरा चेहरा, म्हणजे ‘बनवाबनवी’च्या काळातले अशोक सराफ, हात वर करून नाचताना. पाच मिनिटांत अकरा जणांनी हसरे चेहरे टाकले. गंमत म्हणजे त्या अकरामधले सहा जण येत्या रविवारी एकमेकांनाच भेटणार होते!

या जोकला आता चांगलं वय झालंय. अमेरिकन स्टँडअप कॉमेडियन जॉन मुलेनीने २०१२ साली ‘न्यू इन टाउन’ या कार्यक्रमात प्लॅन रद्द होण्याच्या सुखाची तुलना थेट नशेशी केली होती. त्याच वर्षी अनिल डॅश या ब्लॉगरने ‘फोमो’ला उत्तर म्हणून ‘जोमो’ हा शब्द काढला. फोमो म्हणजे आपण सोडून सगळे मजा करताहेत ही धाकधूक, तर जोमो म्हणजे करू देत की, मी घरी सुखात आहे! तेव्हापासून पांघरूण, मांजर, मॅगी आणि ‘प्लॅन कॅन्सल झाला’ ही चौकडी नेटवर ठाण मांडून बसलीय.

पण मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. जायचं नव्हतं, तर ‘हो’ म्हटलं कोणी? बंदूक तर कोणी रोखली नव्हती! उलट तीन आठवड्यांपूर्वी ‘भेटूया ना यार, किती दिवस झाले’ असं आपणच टाइप केलेलं असतं. तेही तीन उद्गारचिन्हांसकट.

फंडा इथेच आहे. गॅल झॉबरमन आणि जॉन लिंच या दोन संशोधकांनी २००५ साली एक साधी गोष्ट तपासली. त्यांनी लोकांना विचारलं, आज तुमच्याकडे मोकळा वेळ जास्त आहे की महिन्यानंतरच्या याच वारी जास्त असेल? बहुतेकांना वाटलं, महिन्यानंतर! पैशांबद्दल तेच विचारलं, तेव्हा मात्र भविष्यात आपण इतके श्रीमंत होऊ असं लोकांना वाटलं नाही. म्हणजे पुढच्या महिन्यातला खिसा आपल्याला बरोब्बर दिसतो. पुढच्या महिन्यातला शनिवार मात्र रिकामा दिसतो. तो रिकामा नसतो, अजून भरलेला नसतो इतकंच. तो शनिवार जवळ आला की त्यातही धुणं निघतं, बॉसचा मेल येतो, भाचीचा वाढदिवस निघतो. ‘होऽऽ’ म्हणून मोकळं झाल्यावर काही दिवसांनी ‘अरे देवा!’ होतं, ते यामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे लांबून आपल्याला प्लॅनचं ‘का’ दिसतं आणि जवळ आल्यावर ‘कसं’. तीन आठवड्यांपूर्वी तो प्लॅन म्हणजे जुने मित्र, गप्पा, धमाल. त्याच शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तो म्हणजे इस्त्री न केलेला कुर्ता, डोंबिवलीची गच्च फास्ट, दादरचा ब्रिज, मग वेस्टर्नची दुसरी गच्च फास्ट आणि पुढे ‘मॅडम, उधर नहीं जाएगा’ म्हणणारे तीन रिक्षावाले. मित्र तेच आहेत हो! फक्त ते आता दोन तास लांब आहेत.

आता आमच्याच ग्रुपची गोष्ट. आम्ही पाच जण. ठरलं वांद्र्याला रविवारी दुपारी एक वाजता जेवायचं. डोंबिवलीहून मी, ठाण्याहून एक, मुलुंडहून एक, बोरिवलीहून एक आणि पाचवी वांद्र्याचीच. शुक्रवारी मेगाब्लॉकची बातमी आली. ठाणेवाल्याने ग्रुपवर हळूच लिंक टाकली, सोबत एकही शब्द नाही. दहा मिनिटं शांतता. मग मुलुंडवाली म्हणाली, ‘अरे, मग तुम्हाला त्रास होईल ना?’ मी लिहिलं, ‘मला चालेल, पण बाकीच्यांचं बघा.’ बोरिवलीचा म्हणाला, ‘माझी लाइन वेगळी आहे, मला प्रॉब्लेम नाही, तुम्ही म्हणाल तसं.’ शेवटी ठाणेवाल्यानेच ‘पुढच्या महिन्यात करूया?’ टाकलं आणि एका मिनिटात चार अंगठे वर!

पुढे एकदा ऑफिसनंतर आम्ही चौघं चहाला सहज भेटलो, तेव्हा मी पत्रकार असल्याचा फायदा घेऊन प्रत्येकाला खरं काय ते विचारलं. ठाणेवाल्याला जायचंच नव्हतं, पण वांद्र्याच्या मैत्रिणीने इतक्या प्रेमाने टेबल बुक केलेलं, त्याचा जीव झाला नाही. मुलुंडवालीला त्या दिवशी फक्त झोपायचं होतं. बोरिवलीच्याला ते रेस्टॉरंट महाग वाटत होतं. वांद्रेवालीला रात्री फोन केला, तर ती म्हणाली, ‘अगं, तुम्हीच किती दिवस भेटूया भेटूया करत होता म्हणून मी बुक केलं!’ म्हणजे पाचातल्या एकालाही जायचं नव्हतं आणि तरी मेगाब्लॉक नसता, तर आम्ही पाचही जण रविवारी एक वाजता तिथे हजर असतो. छान नटूनथटून!

मॅनेजमेंटच्या पुस्तकांत याला ‘ॲबिलीन पॅराडॉक्स’ म्हणतात. जेरी हार्वी या अमेरिकन प्राध्यापकाने १९७४ साली स्वतःच्या सासुरवाडीचा किस्सा लिहिला होता. टेक्सासमधलं कोलमन गाव, जुलैची दुपार, पारा ४० अंशांवर. सगळे घरी आरामात डॉमिनोज खेळत बसलेले. सासरे म्हणाले, ‘चला, ॲबिलीनला जेवायला जाऊ.’ बायको म्हणाली छान, जावई म्हणाला छान, सासूबाई म्हणाल्या छानच. एसी नसलेल्या गाडीतून धूळ खात ५३ मैल जायचं, तिथे भिकार जेवायचं आणि ५३ मैल परत यायचं. घरी पोचल्यावर एकेकाने कबूल केलं की मला जायचंच नव्हतं. सासरे म्हणाले, ‘मलाही नव्हतं, तुम्ही कंटाळला असाल म्हणून मी सुचवलं!’ हार्वीचं म्हणणं असं की अशा वेळी माणसं भांडणामुळे फसत नाहीत, ती फसतात एकमतामुळे. फक्त ते एकमत कोणी बोलून दाखवत नाही.

आपल्याकडे याला फार जुना आणि नेमका शब्द आहे, भीड. भिडेखातर हो म्हणायचं आणि भिडेखातरच निघायचं. म्हणून तर रद्द होण्याचा आनंद तेव्हाच पुरेपूर मिळतो, जेव्हा रद्द दुसरा करतो. आपण केलं तर टोचणी आपल्याला. त्याने केलं तर वेळ आपला आणि उपकारही आपलेच, ‘अरे असू दे रे, टेक केअर!’ सुंठीवाचून खोकला गेला. मेगाब्लॉक आणि जुलैचा पाऊस तर त्याहून भारी, कारण तिथे कोणाचाच दोष नसतो!

आता कळतं की हे सगळं मीममध्येच का बोललं जातं. ‘तू आली नाहीस ते बरं झालं’ हे मैत्रिणीला तोंडावर सांगितलं, तर मैत्री संपली. पण मीम कोणाला उद्देशून नसतं. ते सगळ्यांना जातं, म्हणून कोणालाच लागत नाही. आणि समोरून हसरा चेहरा आला की कळतं, अच्छा, हाही आपल्यातलाच! जी कबुली एकेकट्याला जमत नाही, ती मीममध्ये सगळे मिळून देतात. फक्त पुढचा प्लॅन ठरवताना कोणी ती आठवत नाही.

मग करायचं काय? सगळीकडे नाही म्हणत सुटायचं? थांबा. जॉन झेलेन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की अंतर्मुख माणसं मोकळेपणाने मिसळण्याआधी त्यातल्या मजेचा जो अंदाज करतात, तो प्रत्यक्षातल्या मजेपेक्षा कमी निघतो. थोडक्यात, सुटलो रे बाबा असं वाटलं म्हणजे गेलो असतो तर वाईटच झालं असतं, असं नाही. सुटका आणि मजा ही दोन वेगळी खाती आहेत.

म्हणून पुढच्या वेळी हायसं वाटलं, की स्वतःला एक विचारा, नक्की कशातून सुटले? माणसांतून की प्रवासातून? आमच्या ग्रुपचं उत्तर सरळ होतं. चहाला भेटल्यावर आम्ही दीड तास उठलो नाही. म्हणजे माणसं हवी होती, फक्त वांद्रे नको होतं! तसं असेल तर जागा बदला, मैत्री नको. पण तो चहा तुमच्या घराखाली असता तरी नको वाटला असता, तर मात्र त्या आमंत्रणाला सुरुवातीलाच नाही म्हणणं बरं.

ते वाटतं तितकं जड नाही. ज्युलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क यांचा २०२३ चा अभ्यास सांगतो की आपल्या नकाराने समोरचा जेवढा दुखावेल असं आपल्याला वाटतं, तेवढा तो दुखावत नाही. आपल्याला वाटतं तो आपल्या ‘नाही’वरच अडून बसेल. तो मात्र आपण विचार करून नाही म्हटलं असणार हेही धरून चालतो. हे सुरुवातीलाच दिलेल्या नकाराबद्दल आहे हं! टेबल बुक झाल्यावर, सगळे निघाल्यावर ‘बरं वाटत नाहीये गं’ टाकणाऱ्यांनी या अभ्यासाचा आधार घेऊ नये.

आणि तारीख ठरवताना एक छोटी ट्रिक. ‘२० तारखेला जमेल का?’ असं विचारलं गेलं, तर मनात तो प्रश्न ‘आज संध्याकाळी जमेल का?’ असा करून बघा. आज जायला जीव होत नसेल, तर २० तारखेलाही होणार नाही, कारण तीही त्या दिवशी ‘आज’च असणार आहे. आणि हो म्हणायचंच असेल, तर वेळ थोडी सैल ठेवा. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मलकोच यांनी २०१६ मध्ये दाखवलं की फुरसतीची गोष्ट घड्याळात पक्की बसवली, की तीही कामासारखी वाटू लागते. ढोबळ ठरवली तर तसं होत नाही. ‘रविवारी एक वाजता शार्प’पेक्षा ‘रविवारी दुपारनंतर कधीतरी चहाला ये’ हे जास्त टिकतं. आपल्या आज्यांना हे कोणत्याही रिसर्चशिवाय माहीत होतं. त्या ‘ये गं कधीतरी’ म्हणायच्या आणि दारही उघडं ठेवायच्या.

तर या वीकएण्डचा प्लॅन अजून उभा असेल, तर मेगाब्लॉकची वाट बघू नका. ग्रुपवर सरळ टाका, ‘खरं सांगा, कोणाकोणाला खरंच यायचंय?’ चार अंगठे आले तर छान. आणि अशोक सराफ नाचत आले, तर त्याहून छान!