खोकला सुताच्या धुळीचा की टीबीचा? रिपोर्ट 'निल' आला तरी तपासणी कोणती झाली ते पाहा

बऱ्हाणपूर : देश 2025 पर्यंत टीबीमुक्त करू, असं केंद्र सरकारने 2018 मध्ये जाहीर केलं होतं. ती मुदत उलटून गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2015 मध्ये भारतात लाखामागे वर्षाला 237 नवे रुग्ण होते, 2024 मध्ये ते 187 वर आले. घट खरी आहे, पण ठरवली होती 80 टक्क्यांची. गाडं अडतं कुठे, याचं एक उत्तर 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात मिळतं. टीबीची लक्षणं असलेल्या दर 100 जणांपैकी साधारण 64 जण उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. खोकलाच तर आहे, जाईल, असं म्हणून बहुतेक जण घरी बसले.

बऱ्हाणपुरात तर खोकल्याला कारण तयारच असतं. शहरात हजारो यंत्रमाग चालतात. लूमवर बारा-बारा तास उभं राहणाऱ्याच्या नाकातोंडात सुताचे तंतू जाणारच. त्यामुळे खोकला आला की घरचे म्हणतात, धुळीचा आहे. मालेगाव-भिवंडीतही हेच ऐकायला मिळतं. आणि अनेकदा ते खरंही असतं. पण धुळीच्या खोकल्याची चाल वेगळी असते. सुट्टीनंतर कामावर पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते आणि कामापासून लांब राहिलं की बरं वाटतं. टीबीचा खोकला सुट्टी पाळत नाही. त्याच्या जोडीला संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणं, कपडे ढिले होणं असं काही ना काही असतं. मात्र एवढ्यावरून घरी बसून निवाडा करू नये, कारण एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात नियम सोपा ठेवलाय : खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की कारण काहीही वाटो, टीबीची तपासणी करायची.

काहींनी तर दोन आठवडेही मोजत बसू नये. घरात टीबीचा रुग्ण आहे, एचआयव्ही किंवा मधुमेह आहे, बेडक्यातून रक्त पडलंय, तर खोकला चार दिवसांचा असला तरी दाखवावं.

तपासणीच्या पायरीवर खरा घोळ होतो. उदाहरणासाठी एक लूम कामगार धरू, वय 38. तीन आठवडे खोकला, वजन तीन किलो उतरलेलं. थुंकी तपासली, कागदावर आलं 'निल'. घरचे निश्चिंत झाले. पण तपासणी कोणती झाली होती? सूक्ष्मदर्शकाची. त्यात काचपट्टीवर बेडका पसरून, रंग देऊन जंतू डोळ्यांनी शोधतात. स्वस्त आणि जुनी पद्धत, पण एक मिलिलिटर बेडक्यात साधारण दहा हजार जंतू असल्याशिवाय ते नीट दिसत नाहीत. आपल्या कामगाराच्या बेडक्यात तीन हजार असतील तर काचपट्टी 'निल'च सांगणार. माणूस आजारी आहे, घरात जंतू पसरूही शकतात आणि हातात क्लीन चिट!

तोच बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रात घातला असता तर बहुधा सापडला असता. ही यंत्रं जंतूचा जनुकीय अंश शोधतात, त्यामुळे मिलिलिटरमागे शंभर-दीडशे जंतू असले तरी बहुतेक वेळा पकडतात. सीबीनॅटचा निकाल यंत्रात सुमारे दोन तासांत येतो. ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं, बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र आहे, म्हणून ते लहान केंद्रातही ठेवता येतं. दोन्हींचा आणखी एक उपयोग म्हणजे रिफाम्पिसिन हे मुख्य औषध जंतूवर चालेल की नाही, तेही कळतं. तिथे 'रेझिस्टन्स' आढळला तर नेहमीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या उपयोगाच्या नाहीत, औषधं वेगळी द्यावी लागतात. आता सरकारी धोरणही हेच सांगतं की जिथे यंत्र आहे तिथे सुरुवातच या तपासणीने करावी. म्हणून केंद्रावर सरळ विचारा, "साहेब, माझी तपासणी मशीनवर झाली की काचपट्टीवर?" विचारायला लाजू नये.

पण यंत्रही नमुन्याएवढंच खरं. डबीत नुसती लाळ गेली तर कुठलीही तपासणी फसते. साध्या पाण्याने चूळ भरायची, मोकळ्या हवेत माणसांपासून दूर उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढायचा, किमान दोन मिलिलिटर. सकाळी उठल्यावरचा पहिला बेडका सगळ्यात चांगला. झाकण घट्ट लावून त्याच दिवशी पोहोचवायचा.

एक्स-रेचं काय? त्यात छातीतला डाग दिसतो, पण डाग टीबीचाच आहे हे एकटा एक्स-रे सांगू शकत नाही. जुन्या न्यूमोनियाचाही डाग असतो. उलट बाजूने त्याची किंमत मोठी आहे. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात एक्स-रे काढले नसते तर सापडलेल्यांपैकी सुमारे 43 टक्के रुग्ण निसटले असते. त्यामुळे थुंकी 'निल', पण खोकला चालूच, तर एक्स-रे आणि यंत्रावरची तपासणी, दोन्ही मागावं. तरीही उलगडा झाला नाही तर कल्चर असतं, म्हणजे जंतू वाढवून पाहणं. त्याला सहा आठवडेही लागतात. रक्त तपासून टीबी ओळखण्याच्या अँटिबॉडी चाचण्यांवर 2012 मध्येच बंदी आली. मॅन्टू किंवा इग्रा फक्त जंतू कधी तरी शरीरात शिरला का ते दाखवतात, आज आजार आहे का ते नाही. तेव्हा 'टीबीची ब्लड टेस्ट' म्हणून खिशातून हजार-दोन हजार घालवण्याआधी विचार करा.

आणखी एक सापळा मेडिकलच्या काउंटरवर असतो. खोकल्यावर लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी मिळते आणि आठवडाभर बरं वाटतं. ही गोळी टीबीच्या जंतूलाही दाबते, पण एकटी आजार बरा करत नाही. ताप उतरतो, तपासणी लांबते, कल्चरसुद्धा फसू शकतं आणि महिन्याने आजार परत येतो तो वाढून. अशी गोळी घेतली असेल तर डॉक्टरांना सांगा. आधी कधी टीबीचा कोर्स झाला असेल तर तेही सांगा, कारण यंत्र जुने मेलेले जंतूही दाखवू शकतं.

सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांना एक प्रश्न कायम पडतो. तपासणी रावेरला झाली, राहतो बऱ्हाणपूरला, किंवा खकनारहून ऊसतोडीला महाराष्ट्रात निघालो, तर गोळ्या कुठे? निदान होताच रुग्णाची निक्षय पोर्टलवर नोंद होते आणि एक आयडी मिळतो. हा आयडी देशभर एकच चालतो. मुक्काम हलणार असेल तर निघण्यापूर्वी केंद्रावर सांगायचं. ते नोंद नव्या ठिकाणच्या केंद्राकडे पाठवतात आणि गोळ्या तिथून मोफत मिळतात. पोषणासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला एक हजार रुपये खात्यात येतात, तेही त्याच नोंदीवर. आयडीचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. जवळचं केंद्र कळत नसेल तर 1800-11-6666 हा टोल फ्री नंबर दोन्ही राज्यांतून लागतो.