इमली कधी घालायची?

तोंडी सांगितलेली कृती ज्या क्रमाने आठवते त्या क्रमाने येते, शिजवायच्या क्रमाने येत नाही. सांगणारी स्वयंपाकघरात उभी असेल तर फारसे बिघडत नाही, कारण चूक होण्याआधीच ती हात धरते. पण सांगणारी जालन्यात आणि ऐकणारी लंडनमध्ये असेल, तर काय होते? आमच्या सनाच्या दालच्याचे जे झाले ते होते. ती गोष्ट या महिन्यात सांगतो.

सना एमएस्सी करायला गेली ती रेहानाआपांच्या मनाविरुद्ध. एक चांगले स्थळ आले होते, आपांना ते पसंत होते. सनाने शिष्यवृत्तीचे पत्र पुढे ठेवले. आपा म्हणाल्या, "जा. पण मला विचारून गेलीस असं कुणाला सांगू नकोस." सप्टेंबरपासून दोघींचे फोनवरचे बोलणे दोन मिनिटांच्या वर गेले नव्हते. "तब्येत बरी आहे?" "हो." "जेवलीस?" "हो." मग फोन आमच्यापैकी कुणाच्या तरी हातात यायचा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा आम्ही सगळ्या आपांकडेच होतो. लंडनमध्ये दुपार होती. सनाने सलाम केला आणि म्हणाली, "अम्मी, दालचा कसा करायचा? रविवारी माझ्या खोलीवर तीन मैत्रिणी जेवायला येणार आहेत. आज करून बघते."

आपा थोडा वेळ गप्प राहिल्या. मग एका दमात सांगायला लागल्या. "अर्धा किलो गोश्त घे, हाडासकट. एक वाटी चण्याची डाळ. लिंबाएवढी इमली भिजत घाल. कांदा लाल कर, त्यात अद्रक-लसूण, हळद, मिरची, मग गोश्त. दुधी घाल. इमली, डाळ सगळं एकजीव होऊ दे. वरून बघार दे. झालं." सनाने "बरं" म्हटले. फोन चार मिनिटे चालला. सहा महिन्यांत एवढा मोठा पहिलाच.

रात्री अकराला पुन्हा वाजला. "अम्मी, तीन तास झाले. गोश्त गळून पडलंय, दुधीचा लगदा झालाय, पण डाळ दाताखाली कच्ची लागते. आणि डाळ इतकी झालीय की गोश्त शोधावं लागतंय."

आपांनी कपाळावर हात मारला. "डाळ जुनी असेल तिथली." सना म्हणाली, "कालच दुकानातून आणलीय." मग दोघी गप्प. फोन ठेवायच्या बेतात आपा होत्या, तेवढ्यात आम्ही मध्ये बोललो. शाळेत शिकवण्याचा हा एक तोटा आहे, चुकलेले गणित पाहून गप्प बसवत नाही. आम्ही म्हटले, "सना, उद्या तू चूल पेटवशील तेव्हा इकडे अम्मीही पेटवतील. फोन ताटाला टेकवून ठेवू. त्या करतील तसं तू करायचं. सांगायचं कुणी काहीच नाही."

आपा कुरकुरल्या. पण पहाटेच उठून डाळ त्यांनी दोन वाट्या जास्तीची निवडून ठेवली होती, हे आम्ही पाहिले.

रविवारी आपल्याकडचे साडेबारा, तिकडचे सकाळचे सात. पहिला घोळ वाटीचाच निघाला. सनाकडे वाटी नव्हती, तिने चहाचा मग भरून डाळ घेतली होती. आपांची वाटी म्हणजे त्यांच्या लग्नातली स्टीलची छोटी वाटी. ती किती मोठी, हे फोनवर दाखवून कळणार कसे? नातवाची दुधाची बाटली कट्ट्यावरच होती, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. आम्ही वाटीभर पाणी बाटलीत ओतले. दीडशे मिलिलिटर भरले. सनाने तिचा मग तसाच मोजला. तीनशे. म्हणजे तिने डाळ बरोबर दुप्पट घातली होती. आता अर्धा मग डाळ धुऊन तिने कोमट पाण्यात भिजत घातली, इकडे आपांनीही घातली. दोन तास भिजवायची. आदल्या दिवशी हे भिजवणे आपांनी सांगितलेच नव्हते, कारण त्यांच्या घरात डाळ नेहमी सकाळीच भिजलेली असते. ते काम त्यांच्या लेखी दालच्यात धरलेलेच नाही.

दोन तासांनी डाळ शिजायला ठेवली. आपांनी वेगळ्या पातेल्यात पाणी घातले, डाळ घातली, हळद घातली. सना म्हणाली, "वेगळी? मी तर काल गोश्तातच टाकली होती, इमलीच्या पाण्यासकट." आपा म्हणाल्या, "इमली आधी? इमली आधी कुणी घालतं?" सना म्हणाली, "तुम्हीच डाळीच्या आधी सांगितली, अम्मी." आणि ते खरे होते. आपांनी चिंच आधी सांगितली, कारण ती आधी भिजवावी लागते. घालायची मात्र सगळ्यात शेवटी.

याचे कारण सोपे आहे. डाळीच्या दाण्यातल्या पेशी ज्या चिकट पदार्थाने एकमेकींना धरून असतात, तो गरम पाण्यात हळूहळू विरघळतो आणि दाणा मऊ पडतो. आंबट पाण्यात तो विरघळायला तयार नसतो. चिंच, टोमॅटो, आमसूल, काहीही आधी पडले की दाणा घट्टच राहतो, मग तीन तास उकळा की पाच. गोश्ताला आंबटाचा असा त्रास होत नाही, म्हणून सनाचे गोश्त गळाले आणि डाळ टणक राहिली.

पण त्या दिवशी चिंच दूर ठेवूनही सनाची डाळ पाऊण तासात हवी तशी होईना. आपांची, उघड्या पातेल्यातली, बोटांत दाबली की पिठासारखी होत होती. सनाचा दाणा दाबला तर दोन तुकडे व्हायचे आणि मधला भाग पांढरा, कोरडा दिसायचा. कच्च्या डाळीची हीच खूण. तिचा आवाज रडवेला झाला. "मी सगळं तुमच्यासारखंच केलं, अम्मी."

सगळे नव्हते केले. आपांनी डाळ आचेवर ठेवली तेव्हा त्यांचा डावा हात मसाल्याच्या डब्यामागच्या एका छोट्या डबीकडे गेला होता. दोन बोटांत काहीतरी आले, पातेल्यात पडले, डबी जागेवर गेली. आम्ही शेजारीच उभ्या होतो म्हणून दिसले, फोनच्या चौकटीत ते आले नव्हते. विचारले, "आपा, ते काय टाकलंत?" त्या म्हणाल्या, "कुठं काय?" डबी काढून दाखवली. खायचा सोडा. आपा खरोखर चकित झाल्या. मग आठवून म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंची सवय. बोअरचं पाणी जड, डाळ शिजत नाही म्हणून त्या घालायच्या. मी घालते हे माझ्याही ध्यानात नाही."

आम्ही सनाला म्हटले, "तुझ्या पाणी तापवायच्या किटलीत आतून पांढरा थर बसतो का?" ती म्हणाली, "दर आठवड्याला. व्हिनेगरने काढावा लागतो." तोच तो जडपणा. लंडनचे बरेचसे पाणी खडूच्या खडकातून येते, त्यात चुना भरपूर असतो. तो चुना डाळीतल्या त्या चिकट पदार्थाला आणखी घट्ट करतो. सोडा घातला की उलटे होते, दाणा लवकर सुटतो. जालन्याच्या बोअरला जे औषध, तेच लंडनच्या नळाला.

सनाने शेजारच्या मुलीकडून केक करायचा सोडा आणला. आम्ही बजावले की बेकिंग पावडर नको, तिच्यात आंबट घटक मिसळलेला असतो. आपांनी मापही सांगितले, "एका चण्याच्या दाण्याएवढा. जास्त झाला तर डाळ साबणासारखी लागेल." सनाने घातला, वर फेस आला, तो तिने पळीने काढला. वीस मिनिटांनी तिने एक दाणा दोन बोटांत धरून फोनसमोर आणला आणि दाबला. तो पसरला.

बाकीचे मग भराभर झाले. गोश्त आधीच वेगळ्या पातेल्यात कांदा, अद्रक-लसूण, हळद, मिरचीत परतून, पाणी घालून तासभर मंद आचेवर शिजत होते. ते मऊ झाल्यावर दुधीचे दोन बोटे जाडीचे तुकडे घातले. पंधरा मिनिटांत सुरी सहज जाऊ लागली. डाळ रवीने अर्धवट घोटून, थोडे दाणे तसेच ठेवून, गोश्तात ओतली. आता दोन्ही पातेल्यांत सारखाच पिवळा रंग होता. आपांनी पळी खाली ठेवली, फोनकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आता इमली."

सनाने कोळ ओतला. दहा मिनिटे उकळी. शेवटी तेलात जिरे, लाल मिरची, लसूण, कढीपत्ता. तिकडच्या बघाराचा आवाज फोनमधून ऐकू आला. त्यानंतर तिच्या खोलीतला धुराचा भोंगा वाजायला लागला आणि सना खिडकी उघडायला धावली. आपा आधी घाबरल्या, मग हसल्या. सप्टेंबरनंतर सनाशी बोलताना त्या हसलेल्या आम्ही पाहिल्या नव्हत्या.

फोन तीन तासांहून जास्त चालला होता. स्थळाचा विषय निघाला नाही, शिष्यवृत्तीचाही नाही. ठेवताना आपा एवढेच म्हणाल्या, "दालच्याबरोबर साधा भात वाढशील ना आज? पुढच्या इतवारला लवकर उठ. बगारा खाना करू."

आम्ही वहीत कृती लिहून घेतली, घालायच्या क्रमाने, मराठीत एकदा आणि आपांसाठी उर्दूत एकदा. वाटीपुढे "दीडशे मिलिलिटर" लिहिले. भिजवणे पहिल्या ओळीत, इमली शेवटून दुसऱ्या ओळीत. सोड्याची ओळ आपांनी आम्हाला दोनदा वाचायला लावली आणि मग म्हणाल्या, "यात सासूबाईंचं नाव लिही. ते माझं नाही."