हसू म्यूट झालं की...

२०२० च्या लॉकडाऊननंतर घरून काम करणं छोट्या गावांतही रुळलं. त्याबरोबर एक नवी कटकट आली, व्हिडिओ कॉलवरच्या थट्टेची.

समजा, साताऱ्याहून काम करणारी एक जण पुण्यातल्या टीमच्या मीटिंगला दोन मिनिटं उशिरा आली. साहेब म्हणाले, "काय मॅडम, आज पुन्हा लाईट गेली का?" समोरासमोर असते तर सगळे हसले असते. तीही म्हणाली असती, "एमएसईबीला विचारा!" विषय तिथंच संपला असता. इथे मात्र बाकी सहा जणांचे माईक बंद. ते हसले, पण तिला ऐकू आली नुसती शांतता. म्हणजे हा टोमणाच, असं तिनं धरलं. तिचं उत्तर सेकंदभर उशिरा पोचलं, तोवर साहेबांना वाटलं, बाई रागावल्या.

समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, असं २००९ मध्ये दहा भाषांच्या अभ्यासात दिसलं. थट्टेचा जीव याच वेळेत असतो. लाईनमुळे उत्तराला उशीर झाला, तरी आपण दोष देतो समोरच्याच्या स्वभावाला.

म्हणून मीटिंग छोटी असेल तर गप्पांपुरते माईक उघडे ठेवावेत. लाईट, नेट, मुलांचा आवाज यांवरून सगळ्यांदेखत थट्टा करू नये, कारण ते तिच्या हातात नसतं. आणि थट्टा लागलीच, तर मीटिंगनंतर सरळ फोन करावा. "अहो, गंमत केली," हे दोघांतच नीट पोचतं.