‘लपवायचं काही नसेल तर नार्को दे ना!’

कुठलाही गाजलेला खून किंवा बलात्कार घ्या. आठवड्याभरात कुणीतरी म्हणतंच, ‘याची नार्को करा, पाच मिनिटांत सगळं बाहेर येईल.’ आणि आरोपीने नकार दिला की दुसरं वाक्य तयार असतं, ‘लपवायचं काही नसेल तर घाबरतोय कशाला?’ मी फौजदारी कोर्टात वकिली करते. हे दुसरं वाक्य मला गुन्हेगारापेक्षा जास्त भीतिदायक वाटतं, कारण ते बोलणारी माणसं सज्जन असतात आणि त्यांना वाटतं की आपण सत्याच्या बाजूने बोलतोय.

आधी नार्कोत नेमकं काय होतं ते बघू. सोडियम पेंटोथॉल हे भुलीचं औषध आहे. ऑपरेशनच्या आधी ते एकदम दिलं की माणूस अर्ध्या मिनिटात झोपतो. नार्कोत तेच औषध शिरेतून हळूहळू सोडतात, म्हणजे माणूस पूर्ण झोपत नाही आणि नीट जागाही राहत नाही. या गुंगीत त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो आणि तो बडबडू लागतो. पण ताबा सुटणं म्हणजे खरं बोलणं नव्हे. दारू प्यायलेला माणूस मनातलं बोलतो तशाच थापाही मारतो. शिवाय गुंगीतला माणूस विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतो. ‘चाकू विहिरीत टाकलास ना?’ असं तीनदा विचारलं, तर चौथ्यांदा तो ‘हो, विहिरीत’ म्हणू शकतो. त्यातलं आठवणीतलं किती आणि प्रश्नातून आलेलं किती, हे वेगळं काढायचं कुठलंही यंत्र नाही.

लाय डिटेक्टरची गोष्ट याहून साधी. ते नाडी, रक्तदाब, श्वास आणि त्वचेवरचा घाम मोजतं. म्हणजे खोटेपणा मोजतच नाही, घबराट मोजतं. पोलिस ठाण्यात चार रात्री काढलेला निर्दोष माणूस घाबरलेला नसेल, तरच नवल.

तिसरी चाचणी ब्रेन मॅपिंग. तिचा सगळ्यात गाजलेला खटला आपल्या पुण्यातला आहे. एमबीए करणाऱ्या एका तरुणीवर आरोप होता की तिने आधीच्या होणाऱ्या नवऱ्याला प्रसादातून आर्सेनिक देऊन मारलं. तिने चाचणीला संमती दिली होती. मुंबईच्या प्रयोगशाळेत तिच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले आणि तिला गप्प बसायला सांगितलं. मग ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ अशा धर्तीची, तिच्याच तोंडी घातलेली वाक्यं तिला ऐकवली. दावा असा की एखादी गोष्ट नुसती ऐकून माहीत असणं आणि ती स्वतः केलेली असणं, या दोन्हींत मेंदूतल्या विद्युतलहरी वेगळ्या दिसतात. तिच्या लहरींत ‘अनुभव’ दिसला, असा अहवाल आला. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला आणि तिच्या साथीदाराला जन्मठेप सुनावली. इतर पुरावेही होते, पण निकालपत्रात या चाचणीवर विश्वास टाकलेला होता. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी भुवया उंचावल्या.

ती दोषी होती की निर्दोष, हे मी सांगत नाही. नंतर दोघांनाही मुंबई उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला. माझा प्रश्न त्या वाक्यांबद्दल आहे. ती कुणी लिहिली? तपासाची जी गोष्ट पोलिसांकडे होती, तिच्यावरूनच ती बनतात. आणि आरोपीने तीच गोष्ट चौकशीत कित्येकदा ऐकलेली असते, रात्री पडल्या पडल्या मनात घोळवलेली असते. जी गोष्ट तुमच्यावर रोज लादली जाते, ती ‘फक्त ऐकलेली’ कधीपर्यंत राहते? २००८ मध्येच निम्हान्सचे तेव्हाचे संचालक डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितलं की ही चाचणी शास्त्रीय नाही आणि पुरावा म्हणून वापरू नये.

आता कायदा. २००४ मध्ये तेलगी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने या चाचण्यांना हिरवा कंदील दाखवला होता. पण ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चित्र पालटलं. आरोपी असो, संशयित असो वा साक्षीदार, कुणावरही या तीनपैकी एकही चाचणी त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही. संविधानाचं कलम २०(३) स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करू देत नाही आणि कलम २१ मनाचा खाजगीपणाही जपतं. याहून महत्त्वाची, पण टीव्हीवर कधीच न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे संमती दिली तरी चाचणीतलं बोलणं हा पुरावा होत नाही, कारण तेव्हा बोलण्यावर माणसाचा ताबा नसतो. स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढीच पुराव्यात येऊ शकते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे.

संमती म्हणजे फॉर्मवरची सही नव्हे. मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये लाय डिटेक्टरसाठी केलेले नियम सेल्वीत तिन्ही चाचण्यांना लागू झाले. त्यानुसार आरोपीला वकील मिळायला हवा. चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम त्याला पोलिसांनी आणि वकिलाने समजावून सांगायला हवेत. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायला हवी, आणि हे बोलणं पोलिसांपुढचा जबाब धरलं जाईल, कबुलीजबाब नव्हे, हेही त्याला सांगायला हवं.

नियम चांगले आहेत, पण त्यांना एक भगदाड आहे. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे ‘हो’ म्हणणारा माणूस बहुतेकदा पोलीस कोठडीतूनच आलेला असतो आणि पुन्हा तिथेच जाणार असतो. नाही म्हटलं तर रात्री काय होईल, याचा हिशोब तो मनात करतो. आणि बाहेर आपण सगळे बसलेलो असतो, नकाराची बातमी आली की तिलाच कबुली मानायला. तुम्ही फॉरवर्ड केलेला ‘घाबरतोय कशाला’चा मेसेज त्या सहीवर टाकलेला दबावच असतो. संविधानाने गप्प राहायचा हक्क दिला. तो वापरल्याबद्दल शिक्षा द्यायचं काम आपण अंगावर घेतलंय.

काही जण म्हणतील, निर्दोष माणसाने स्वतःहून चाचणी मागितली तर? जून २०२५ मध्ये अमलेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावरही उत्तर दिलं. पाटणा उच्च न्यायालयाने जामिनाच्या सुनावणीत सगळ्या आरोपींची नार्को करण्याची पोलिसांची तयारी मान्य केली होती. तो आदेश रद्द झाला. आरोपी योग्य टप्प्यावर, म्हणजे आपला पुरावा मांडायची वेळ येईल तेव्हा, चाचणीसाठी अर्ज करू शकतो. पण तो त्याचा बिनशर्त हक्क नाही. संमती खरंच मोकळी आहे का, हे न्यायालयाने तपासायचं.

माझी मागणी छोटी आहे. संमती पोलीस कोठडीत असताना विचारूच नये. न्यायालयीन कोठडीत, वकिलाशी एकांतात बोलून झाल्यावर, विचाराला एक पूर्ण दिवस देऊन विचारावी. आणि नकार दिला तर तो बंद पाकिटात राहावा, पत्रकारांच्या मोबाइलवर जाऊ नये.

ज्या पोलिसाला गुंगीतली बडबड मिळू शकते, त्याला सीसीटीव्ही, फोनच्या नोंदी, रक्ताचे डाग यांच्यामागे धावायचा कंटाळा येतो. त्यात खरा खुनी सुटतो. म्हणून पीडितेच्या बाजूने उभं राहायचं असेल, तर नार्को मागू नका. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुने किती दिवस पडून आहेत, ते विचारा.