सहा पॅडचे पाकीट आणि त्याची किंमत

ग्रामीण भागात स्वस्त सॅनिटरी पॅड बनवून विकणारे बहुतेक बचत गट आणि छोटे उपक्रम किमतीचा हिशोब कच्च्या मालापासून सुरू करतात. वुड पल्प, वरचे नॉनवोव्हन कापड, खालची प्लॅस्टिकची फिल्म, डिंक आणि रिलीज पेपर यांचा खर्च काढायचा, वर थोडी मजुरी धरायची आणि जो आकडा येईल त्यात दोन-तीन रुपये मिळवून पाकिटावर किंमत छापायची, अशी ही रीत आहे. तिच्यात दोन गोष्टी सुटतात. पाकीट घरापर्यंत नेणाऱ्या बाईला काय मिळणार हे ठरत नाही, आणि महिन्याला किती पाकिटे खपली तर ही किंमत खरी ठरेल याचाही विचार होत नाही. यंत्र धूळ खात पडण्याचे कारण बहुतेक वेळा या दोहोंतच सापडते.

एक हिशोब मांडून पाहता येईल. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले घालावेत. समजा, पाच महिला काम करतात असे केंद्र आहे आणि सहा पॅडचे एक पाकीट आहे. कच्चा माल, वेष्टन आणि वाया जाणारे पॅड मिळून पाकिटामागे १४ रुपये पडतात. हा खर्च पाकिटे वाढली की वाढतो, घटली की घटतो. बाकीचा खर्च मात्र माल बनो वा न बनो, ठाण मांडून असतो. पाच जणींना ३०० रुपये रोजाप्रमाणे २४ दिवसांचे ३६,००० रुपये. तीन लाख साठ हजारांचे यंत्र पाच वर्षे चालेल असे धरले तर महिन्याची झीज ६,००० रुपये. भाडे आणि वीज ७,०००, देखभाल आणि हिशोबनीस ५,०००. म्हणजे महिन्याचा स्थिर खर्च ५४,००० रुपये. केंद्र पूर्ण दिवस चालले तर रोज २५० आणि महिन्याला ६,००० पाकिटे निघतात.

पूर्ण क्षमतेने काम झाले तर एका पाकिटाच्या वाट्याला स्थिर खर्चाचे ९ रुपये येतात आणि पाकीट २३ रुपयांना पडते. प्रकल्प अहवालात हाच आकडा असतो. निम्मीच पाकिटे खपली तर तेच पाकीट ३२ रुपयांना पडते. माल तोच, यंत्र तेच, बायाही त्याच. म्हणून ‘आमचे पाकीट किती रुपयांना पडते’ या प्रश्नाला खपाच्या आकड्याशिवाय उत्तरच नसते.

आता किंमत ३० रुपये ठेवली असे समजू. त्यातले ५ रुपये गावातल्या विक्रेत्या ताईंचे, २ रुपये केंद्रापासून गावापर्यंतच्या वाहतुकीचे आणि १४ रुपये मालाचे. पाकिटामागे उरतात ९ रुपये. ५४,००० रुपये भागवायला बरोबर ६,००० पाकिटे लागतात, म्हणजे केंद्राची सगळी क्षमता. एक दिवस वीज गेली किंवा एक गठ्ठा खराब निघाला की तोटा ठरलेला. किंमत ३५ केली तर पाकिटामागे १४ रुपये उरतात आणि साधारण ३,८६० पाकिटांवर खर्च भरून निघतो. पाच रुपयांनी विक्रीचे ओझे एक तृतीयांशाहून अधिक कमी होते. आणि ‘गरिबांसाठी’ म्हणून २४ रुपये ठेवले तर पाकिटामागे तीनच रुपये उरतात. तेव्हा १८,००० पाकिटे विकावी लागतात, जी हे केंद्र बनवूच शकत नाही. असे केंद्र चालताना दिसले तर त्याचा खर्च कुणीतरी गुपचूप उचलत असते. बहुधा त्या पाच जणीच, कारण ‘माल विकला गेला की मजुरी देऊ’ असे त्यांना सांगितलेले असते.

तीन हजार आठशे साठ पाकिटे म्हणजे किती गावे? पंधराशे वस्तीच्या गावात पाळीच्या वयातल्या स्त्रिया पावणेचारशेच्या आसपास असतात. त्यांतल्या पाचव्या हिश्श्याने, म्हणजे ७५ जणींनी, दरमहा सरासरी दीड पाकीट घेतले तर गावाचा खप ११२ पाकिटांचा. तेव्हा ३५ गावांत पक्के गिऱ्हाईक बांधावे लागते. उपक्रम सुरू करताना तालुक्याची लोकसंख्या सांगितली जाते, पण त्यातून ही ३५ गावे आणि त्या गावांतल्या ३५ विक्रेत्या कोण, हे उत्तर मिळत नाही.

विक्रेतीचे पाच रुपये हा या हिशोबातला सर्वांत नाजूक भाग आहे. ११२ पाकिटांमागे तिला महिन्याला ५६० रुपये मिळतात, म्हणजे दोन दिवसांच्या मजुरीपेक्षाही कमी. केंद्र सरकारच्या २०११ पासूनच्या योजनेत आशा ताईंना सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांना विकायचे होते आणि पाकिटामागे एक रुपया, शिवाय महिन्याला एक पाकीट मोफत, असा मोबदला होता. त्या दराने याच गावात जेमतेम ११२ रुपये पडले असते. नुसत्या पॅडच्या पिशवीसाठी कोणतीही बाई फार काळ दारोदार फिरत नाही. जिच्याकडे आधीच साबण, बांगड्या, कटलरी किंवा शिलाईकाम आहे, जिच्या घरी बाया एरवीही येतात, तिला हे ५६० रुपये वरकमाई वाटतात. विक्रेती निवडताना हे पाहिले नाही तर कमिशन सात रुपये केले तरी ती तिसऱ्या महिन्यात थांबते आणि किंमत मात्र उगाच वाढून बसते.

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर एकूण रकमेपेक्षा हातात असलेली नोट अधिक महत्त्वाची ठरते. मजुरी आठवड्याला मिळते, आठवडी बाजार आठवड्याला भरतो, आणि पाळी त्यांची वाट पाहत नाही. ३५ रुपये एकदम काढणे जिला जड जाते ती २० रुपयांचे तीन पॅडचे पाकीट घेते. त्यात वेष्टनाचा खर्च पॅडमागे वाढतो, तरी किंमत २० ठेवली तर उपक्रमाला पॅडमागे थोडे जास्तच उरते. म्हणजे ज्या बाईकडे पैसे कमी ती पॅडमागे जास्त मोजते. हे टोचणारे आहे आणि टोचलेच पाहिजे. लहान पाकीट पहिल्यांदा वापरून पाहण्यासाठी आणि अडीनडीसाठी ठेवावे. नफा त्यात दिसतो म्हणून मोठे पाकीट दुकानातून गायब करू नये.

सरकारी दराशी बरोबरी करण्याचा मोह सर्वांत महाग पडतो. जनऔषधी केंद्रांतले ‘सुविधा’ पॅड २०१८ मध्ये अडीच रुपयांना एक या दराने आले आणि २७ ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला मिळू लागले. महाराष्ट्राच्या अस्मिता योजनेत, मार्च २०१८ पासून, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी आठ पॅडच्या पाकिटाची किंमत पाच रुपये होती. वरच्या उदाहरणात नुसता मालच पॅडमागे सव्वादोन रुपयांच्या वर जातो. सरकारी किमतीमागे अनुदान असते, बचत गटाच्या किमतीमागे काही नसते. सरकारी माल आला की विक्री खाली येते आणि साठा संपला की पुन्हा वर जाते, स्थिर खर्च मात्र जागचा हलत नाही. विक्रीच्या वहीत असा चढउतार दिसला तर किंमत कमी करून काही साधत नाही. त्या महिन्यांत उत्पादन आवरावे आणि सरकारी पुरवठ्यात नसलेले मोठे, रात्रीचे पॅड पुढे करावेत.

‘फुकट दिले की किंमत राहत नाही’ हे या क्षेत्रात वारंवार ऐकू येणारे वाक्यही तपासून घ्यावे लागते. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलिन दुपा यांनी औषध लावलेल्या मच्छरदाण्या गरोदर स्त्रियांना वेगवेगळ्या किमतींना देऊन पाहिल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात किंमत शून्यावरून ६० सेंटवर नेताच घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के बिंदूंनी घसरले, आणि पैसे मोजलेल्या स्त्रिया मच्छरदाणी अधिक वापरतात असे काही दिसले नाही. मच्छरदाणी वर्षानुवर्षे टिकते आणि पॅड दरमहा लागते, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. तरी एवढे खरे की किंमत लावल्याने वापराची शिस्त येते असे गृहीत धरता येत नाही. किंमत लावायची ती खर्च भागवण्यासाठी. ज्या मुलींना ती परवडणार नाही, त्यांची पाकिटे शाळेने, ग्रामपंचायतीने किंवा देणगीदाराने पूर्ण किमतीला विकत घ्यावीत आणि वाटावीत.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण इथे हमखास दिले जाते: पैसे देणाऱ्या रुग्णांच्या जोरावर बाकीच्यांवर मोफत शस्त्रक्रिया. तिथे दोन्ही प्रकारचे रुग्ण एकाच डॉक्टरांकडे येतात. पॅडच्या धंद्यात ऐपत असलेली गिऱ्हाईक दुकानातून मोठ्या कंपनीचे पाकीट उचलते. ती गटाच्या केंद्राकडे येतच नाही. जास्त देणारे गिऱ्हाईक नसेल तर कमी देणाऱ्याचा भार उचलणार कोण?

करमाफीचा फायदाही वाटतो तेवढा नाही. जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. माल करमुक्त झाल्यावर कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर खर्चातच मुरतो. नोंदणीच्या मर्यादेखालच्या छोट्या केंद्रांना ती वजावट आधीही मिळत नव्हती. कर गेला म्हणून पाकीट १२ टक्के स्वस्त करणाऱ्याने आपल्याच पदरचे घातले.

उधारीचा खर्च किमतीत कुणी धरत नाही. पल्प आणि कापड रोखीने, बऱ्याचदा मोठ्या गठ्ठ्याने घ्यावे लागते. समजा, महिन्याला साडेचार हजार पाकिटे बनवली, तर त्यांचा माल ६३,००० रुपयांचा. मजुरी आणि रोखीचे इतर खर्च मिळून महिन्याला एक लाख अकरा हजार रुपये हातातून जातात. शाळेचे बिल आणि विक्रेत्यांची उधारी दोन महिने अडकली तर सव्वादोन लाख बाहेर राहतात. यंत्रासाठी कर्ज काढताना या रकमेची तरतूद झालेली नसते. शिवाय विक्रेतीकडे पाठवलेला माल विक्रीत दाखवण्याची सवय असेल तर अडचण कळायलाच उशीर होतो. वहीत पाठवलेली, प्रत्यक्ष विकलेली आणि त्याच बाईने दुसऱ्या महिन्यात पुन्हा घेतलेली पाकिटे वेगवेगळी लिहावीत. तिसरा आकडा घसरत असेल तर आधी पॅड तपासावे: डिंक सुटतो का, कडेने गळते का. गळणारे पॅड पाच रुपये स्वस्त केल्याने कुणी पुन्हा घेत नाही.

शेवटी यंत्र घ्यावे की नाही हा प्रश्न उरतो. हेच पाकीट बाहेरून ठोक भावाने २० रुपयांना मिळाले आणि ३५ लाच विकले, तर विक्रेती आणि वाहतूक वजा जाता ८ रुपये उरतात. गोदाम आणि हिशोबाचा खर्च ८,००० धरला तर हजार पाकिटांवर, म्हणजे नऊ गावांतच, तोंडमिळवणी होते. साडेचार हजार पाकिटांवर अशा विक्रीत २८,००० रुपये राहतात. स्वतः बनवणाऱ्या केंद्राला ९,०००. पूर्ण ६,००० पाकिटे विकूनही बनवणारे केंद्र विकणाऱ्याच्या मागेच राहते. फरक एवढाच की बनवणाऱ्या केंद्रात महिन्याची ३६,००० रुपये मजुरी गावात राहते. तो हेतू असेल तर यंत्र जरूर घ्यावे, पण तो रोजगाराचा खर्च म्हणून वहीत लिहावा आणि त्यासाठी वेगळा पैसा आणावा. पॅड स्वस्त पोहोचवणे एवढाच हेतू असेल तर आधी नऊ गावांत विकत आणलेले पाकीट खपवून दाखवावे. यंत्राचे कोटेशन त्यानंतर मागवावे.