डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग: परीक्षा नाही, कसोटी कागदांची!

डिप्लोमा झाला की बरेच जण विचारतात, "थेट सेकंड इयरला जायचं, तर सीईटीचा क्लास कुठला लावू?" महाराष्ट्रापुरतं उत्तर सोपं आहे: कुठलाच नाही. कर्नाटकात यासाठी डीसीईटी आणि तेलंगणात ईसेट द्यावी लागते. त्यामुळे बेळगावच्या मुलाचा सल्ला कोल्हापूरच्या मुलाला लागू पडेलच असं नाही. आपल्याकडे राज्याचा सीईटी सेल ही प्रक्रिया चालवतो खरा, पण मेरिट लागतं डिप्लोमाच्या टक्क्यांवर. पात्रतेसाठी किमान ४५ टक्के हवेत, राज्यातल्या राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के.

म्हणजे निकाल लागला की मार्कांचा विषय संपला. यानंतर हातातली जागा जाते ती बहुतेक वेळा कागदांमुळे, आणि त्यातही एका तारखेमुळे.

एक उदाहरण बघू. समजा, सोलापूरच्या एका मुलाला मेकॅनिकल डिप्लोमात ८२ टक्के आहेत. प्रवर्ग ओबीसी. जातीचा दाखला आहे, जात वैधता प्रमाणपत्रही आहे. नॉन-क्रीमीलेअर दाखला त्याने पूर्वीच काढून ठेवलाय, पण त्यावर मुदत आहे ३१ मार्च २०२५ पर्यंतची. २०२५-२६ च्या प्रवेशाला तो चालत नाही, कारण दाखला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असावा लागतो. छाननीत हे पकडलं गेलं आणि वेळेत नवा दाखला आला नाही, तर त्याचा अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो. टक्के तेच राहतात, पण ओबीसीच्या जागेवरचा हक्क जातो आणि ट्यूशन फीमधली ५० टक्के सवलतही धोक्यात येते. मुलगी असेल तर नुकसान आणखी मोठं, कारण २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना ही फी पूर्ण माफ आहे.

विमुक्त-भटक्या जमाती आणि एसईबीसी यांनाही हाच नियम. एससी, एसटीला नॉन-क्रीमीलेअर लागत नाही, पण जात वैधता लागते. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या-त्या वर्षाचाच हवा.

बाकीची फाइल साधी आहे: दहावीचं मार्कशीट, डिप्लोमाची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल आणि राष्ट्रीयत्वाचा पुरावा.

आता करायचं काय? सहाव्या सेमिस्टरच्या निकालाची वाट बघू नका. एप्रिल उजाडला की नवीन नॉन-क्रीमीलेअरसाठी सेतू केंद्रात अर्ज टाका. जूनमध्ये तिथे रांगा लागतात. फॉर्म भरल्यावर तात्पुरती मेरिट लिस्ट लागेल, तेव्हा नंबराआधी नावापुढचा प्रवर्ग बघा. तो चुकला असेल तर हरकती नोंदवायच्या दिवसांतच दुरुस्त करून घ्या. अंतिम यादी लागल्यावर ते काम फार अवघड होऊन बसतं.