सत्यवान एक दिवससुद्धा आजारी नव्हता

जोडीदाराच्या आजारपणावरचा कुठलाही मराठी लेख उघडा. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत 'झुंज' येते, पाचव्यापर्यंत 'खंबीर साथ' येते आणि शेवटी कुणीतरी कॉमेंटमध्ये लिहितं, 'आधुनिक सावित्री!' काळजी घेणारा पुरुष असेल तर 'देवमाणूस'. वाचून डोळे भरून येतात, आपण शेअर करतो आणि पुढे सरकतो. त्या घरात दिवसभर नक्की काय चाललं होतं, हे मात्र आपल्याला काडीचंही कळलेलं नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. असा लेख आजारी माणसाबद्दलही खोटं बोलतो आणि सांभाळणाऱ्याबद्दलही. खरं लिहायचं असेल तर गोळ्यांच्या वेळा लिहा.

आधी सावित्रीचाच हिशोब करू. महाभारताच्या वनपर्वात सत्यवान लाकडं तोडत असताना त्याचं डोकं दुखायला लागतं, तो बायकोच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि थोड्याच वेळात यम हजर होतो. म्हणजे तो एक दिवससुद्धा आजारी नव्हता. पुढे वाद, वर आणि नवरा ठणठणीत. ही मृत्यूची गोष्ट आहे, आजारपणाची नव्हे. आजारपणाला मृत्यूएवढी शिस्त नसते. ते दहा-पंधरा वर्षं घरात राहतं आणि वादात हरत नाही.

मी पार्किन्सन्सचं उदाहरण घेतो, कारण हा आजार घड्याळावर चालतो. मेंदूत डोपामिन कमी पडतं, म्हणून लेव्होडोपा देतात. सोबत कार्बिडोपा असतं, म्हणजे ते औषध मेंदूत पोचण्याआधीच वाटेत खर्ची पडत नाही. सुरुवातीला दिवसाला तीन गोळ्यांवर माणूस छान चालतो. काही वर्षांनी एका गोळीचा असर तीन-चार तासांत ओसरायला लागतो. मग दिवसाचे तुकडे पडतात. गोळी चढलेली असते तेव्हा एक माणूस असतो, उतरलेली असते तेव्हा दुसरा.

समजा, एक घर आहे. तिला पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षं झालीत, सांभाळणारा नवरा आहे. गोळ्या सकाळी सातला, अकराला, दुपारी तीनला, संध्याकाळी सातला. झुंजवाला लेखक लिहील, 'तिच्या थरथरत्या हातांना त्याने आयुष्यभराचा आधार दिला.' आता तोच नवरा स्वयंपाकघरातल्या वहीत काय लिहितो, बघा. सोमवार, अकराची गोळी, पावणेबाराला चालायला लागली. मंगळवार, तसंच. बुधवार, अकराची गोळी चढलीच नाही, दीडपर्यंत खुर्चीत. गुरुवार, ठीक. शनिवार, पुन्हा चढली नाही.

दोन आठवड्यांनी त्याला दिसतं की बुधवारी आणि शनिवारी साडेदहाला पनीर किंवा अंडी झाली होती. हा योगायोग नाही. प्रथिनांतली काही अमिनो आम्लं आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना लेव्होडोपाशी त्याच दारात रेटारेटी करतात. दार एकच, गर्दी जास्त, गोळी बाहेर ताटकळते. म्हणून पुष्कळांना ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने घ्यायला सांगतात. गोळी वाया जाण्याचं कारण दरवेळी प्रथिनंच असतात असं नाही, बद्धकोष्ठानेही ती उशिरा चढते. पण वही असेल तर निदान शंका कुठे घ्यायची ते कळतं. तो ती वही डॉक्टरांसमोर ठेवतो. डोस वाढवायची गरज पडत नाही. पनीर रात्रीच्या ताटात जातं. प्रथिनं बंद करायची नसतात, त्यांची वेळ बदलायची असते.

या गोष्टीत कुणी यमाशी भांडलं नाही. पण एका बाईला आठवड्यातल्या दोन दुपारी परत मिळाल्या. मला विचाराल तर कथानक म्हणतात ते हेच.

यावर ठरलेला आक्षेप येतो. गोळ्यांच्या वेळा म्हणजे वाण्याची यादी, त्यात माणूस कुठे आहे? माणूस तिथेच आहे, फक्त विशेषणांशिवाय. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि हावभाव कमी होतात. आवाजही बारीक होतो. तो विनोद सांगतो आणि समोर कोरा चेहरा. तीस वर्षं जो चेहरा वाचून त्याने घर चालवलं, तो आता काही सांगत नाही. मग तो घड्याळ बघतो. पावणेतीन वाजलेत, म्हणजे गोळी उतरली असेल. सव्वाचार वाजलेत, म्हणजे ती खरंच रागावली आहे. लग्नाबद्दल याहून खोल वाक्य 'खंबीर साथ'वाल्या लेखात मला अजून सापडलेलं नाही. आणि ते घड्याळाशिवाय लिहिताच येत नाही.

नायक उभा केला की आणखी एक वाईट गोष्ट होते. आजारी माणूस सामान होतो. न्हाणीघराच्या दारात तिचे पाय अचानक जमिनीला चिकटतात. यात हे नेहमीचं आहे, दारात आणि वळताना जास्त. नायक काय करतो? हात धरून ओढतो. शरीर पुढे येतं, पाय मागेच राहतात, ती पडते. जाणता माणूस ओढत नाही. तो थांबतो, तिला थांबू देतो आणि 'एक, दोन' म्हणतो, किंवा फरशीवर आडव्या चिकटवलेल्या रंगीत पट्टीकडे बोट दाखवतो. ती पट्टी ओलांडायची म्हणून ती पाय उचलते, आणि पाय उचलला जातो. सपाट जमिनीवर न निघणारं पाऊल रेघ ओलांडायला निघतं. इथे चालणारी ती आहे. त्याचं काम पट्टी चिकटवायचं आणि गप्प राहायचं. 'त्याने तिला चालवलं' असं लिहिलंत की तिचं एकुलतं एक पाऊलही तुम्ही त्याच्या नावावर केलंत.

नायकाला कंटाळायचीही परवानगी नसते. दिनचर्येला असते. 'आज अकराची गोळी मुलीने दिली, मी सिनेमाला गेलो' हे वाक्य वहीत सहज बसतं. वीरगाथेत ते गद्दारी ठरतं. म्हणून वीरगाथा वाचणारी सांभाळणारी माणसं मदत मागायला लाजतात. काम वाटून देता येतं, पराक्रम वाटता येत नाही.

हे काही बाहेरून आणलेलं शहाणपण नाही. वनपर्वच पुढे वाचा. यम गेल्यावर रात्र पडलेली असते आणि सत्यवानाच्या अंगात नीट त्राण नसतं. तेव्हा सावित्री फळांची जड टोपली झाडाच्या फांदीला टांगून ठेवते, उद्या नेता येईल म्हणून. कुऱ्हाड स्वतः घेते. त्याचा हात आपल्या डाव्या खांद्यावर घेते, उजव्या हाताने त्याला धरते आणि हळूहळू चालायला लागते. काय टाकायचं, काय उचलायचं, कुठला हात कुठे, सगळं लिहून ठेवलंय. आपण मात्र वडाला दोरा गुंडाळताना यमाशी झालेला संवाद तेवढा लक्षात ठेवला आणि टोपली विसरलो.

तेव्हा आई-बाबांवर, नवऱ्यावर, बायकोवर लिहायला मोबाइल उघडाल, तेव्हा 'झुंज' टाइप करायच्या आधी एक करा. अकराची गोळी किती वाजता चढली, ते लिहा.